वीस मिली, पण कशाला? बोंडअळीच्या वेबिनारमधली प्रश्नोत्तरं उतरवताना

वेबिनार संपल्यावर झूमवरून प्रश्नोत्तरांचा अहवाल उतरवून घेता येतो. तो सीएसव्ही फायलीत येतो. आमच्याकडे ती फाईल एक्सेलमध्ये सरळ दोनदा टिचकी मारून उघडली की सगळ्या मराठीची चिन्हं होतात. त्यामुळे आधी कोरी शीट उघडायची, डेटा मेनूतून फाईल आत घ्यायची आणि अक्षरसंचात `65001: Unicode (UTF-8)` निवडायचं. मग प्रश्न वाचता येतात. कपाशीवरच्या गुलाबी बोंडअळीचं सत्र आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीने घेतलं होतं. त्याचा अहवाल असा उघडला तेव्हा साठेक प्रश्नांपैकी जवळजवळ प्रत्येकासमोर उत्तराच्या रकान्यात एकच शेरा होता: `live answered`.

त्या शेऱ्यावर विश्वास ठेवला असता तर "सर्व प्रश्नांना उत्तरे देण्यात आली" असं लिहून मोकळं होता आलं असतं. बरेच अहवाल असेच लिहिले जातात. पण हा शेरा येतो कसा ते मला माहीत होतं, कारण सत्र चालू असताना मी सूत्रसंचालकाच्या शेजारीच बसले होते. प्रश्न वाचायला घेतला की तो 'थेट उत्तर द्या' हे बटण दाबायचा. वक्त्या म्हणून आलेल्या विद्यापीठातल्या मॅडम बोलून झाल्या की 'झालं' दाबायचा आणि प्रश्न पुढच्या खान्यात सरकायचा. वक्त्याने विचारलेल्यालाच उत्तर दिलं की भलत्यालाच, हे यंत्राला कुठून कळणार? प्रश्न हाती घेतला गेला, एवढाच त्या शेऱ्याचा अर्थ. त्यातून वेळ संपत आल्यावर सूत्रसंचालकाने तीन-तीन प्रश्न एका दमात वाचले आणि तिन्हींवर बटण दाबलं. मॅडमनी त्यातल्या शेवटच्याचंच उत्तर दिलं. साहजिकच आहे, शेवटचा प्रश्नच कानात राहतो.

या प्रश्नोत्तरांचं जे टिपण मी लिहीत होते ते कोणासाठी होतं ते आधी सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच ठरलं. सत्र सप्टेंबरात झालं. तेव्हा बोंडं धरलेली असतात आणि पुढच्या दोन-तीन आठवड्यांत फवारणी करायची की नाही हा निर्णय शेतकऱ्याला घ्यायचा असतो. सत्राला जे आले त्यांच्यापेक्षा न आलेले जास्त. त्यांच्यापर्यंत आमच्या गावोगावच्या कृषीमित्रांकडून दोन पानं जाणार, काही ठिकाणी ती छापून सोसायटीच्या फलकावर लागणार. तिथे तो कागद वाचून माणूस थेट पंप पाठीवर घेणार. म्हणून 'काय सांगितलं' याच्याइतकंच 'काय सांगितलं गेलं नाही' हे त्यावर असणं मला गरजेचं वाटत होतं. रिकामी जागा दिसली नाही तर लोक ती आपल्या अंदाजाने भरतात.

पहिलं काम प्रश्न गोळा करण्याचं. प्रश्नांचा खाना हे एकच ठिकाण नव्हतं. चॅटमध्ये वेगळे प्रश्न होते, कारण कित्येकांना दोन खान्यांतला फरक माहीतच नसतो. काहींनी हात वर करून माइकवर विचारले. यूट्यूबवर थेट प्रक्षेपण होतं, तिथल्या शेऱ्यांत काही होते. आणि ज्यांचं नेट चालत नव्हतं त्यांनी आमच्या व्हॉट्सअॅप गटावर सत्र चालू असतानाच आवाजी निरोप पाठवले होते. त्यांना धरायचं की नाही? मी ठरवलं की सत्र संपेपर्यंत कुठेही आलेला प्रश्न सत्राचा, आणि नंतर आलेला वेगळा. कुठेतरी रेघ मारावी लागते, नाहीतर यादी आठवडाभर वाढतच राहते.

मग वेळा जुळवणं. चॅटच्या फायलीत घड्याळाची वेळ होती आणि ध्वनिचित्रफितीत सुरुवातीपासूनची. रेकॉर्डिंग सकाळी ११ वाजून ४ मिनिटांनी सुरू झालं होतं. म्हणजे चॅटमधला १२:११ चा प्रश्न फितीत १ तास ७ मिनिटांवर शोधायचा. एवढी वजाबाकी सगळ्या प्रश्नांसाठी एकदाच करून ठेवली की पुढे प्रत्येक उत्तर ऐकताना त्याच क्षणी चॅटमध्ये कोण काय म्हणत होतं ते शेजारी दिसतं. माझ्या दृष्टीने या कामातली सर्वांत फायद्याची गोष्ट हीच. वक्ता बोलत असतो आणि ऐकणारे खाली लिहीत असतात, "म्हणजे काय?" हे "म्हणजे काय" कुठल्याही अहवालात येत नाही, कारण ते प्रश्नांच्या खान्यात नसतं.

एकसारखे प्रश्न एकत्र करताना मी एक कसोटी लावते: एकाच उत्तराने दोघांचंही समाधान होईल का? होत असेल तरच जोडायचे. बोंडअळीचे पतंग पकडायच्या सापळ्यांबद्दल "एकरी किती सापळे लावायचे?" हा प्रश्न बऱ्याच जणांनी वेगवेगळ्या शब्दांत विचारला होता, तो एक झाला. "सापळा किती उंचीवर?" हा मात्र वेगळाच ठेवला, जरी सूत्रसंचालकाने दोन्ही 'सापळ्यांबद्दलचे प्रश्न' म्हणून एकदम वाचले होते. मॅडमनी संख्या सांगितली, उंची राहून गेली. दोन्ही जोडले असते तर उंचीचा प्रश्न उत्तर मिळालेल्यांत जाऊन बसला असता.

संख्येच्या उत्तरातही एक गंमत होती. मॅडम म्हणाल्या, "पाहणीसाठी पाच सापळे पुरेत." विद्यापीठातली माणसं हेक्टरात बोलतात आणि आमचा शेतकरी एकरात ऐकतो. पाच सापळे हेक्टरी म्हणजे एकरी साधारण दोन. फितीत मॅडमच्या तोंडी 'हेक्टरी' हा शब्द होता, पण दोन वाक्यं आधी, वेगळ्या संदर्भात. टिपणात मी "हेक्टरी ५" असंच लिहिलं आणि कंसात "म्हणजे एकरी सुमारे २, हिशोब टिपण लिहिणाऱ्याचा" असं जोडलं. वक्त्याचं वाक्य कुठलं आणि माझं कुठलं, हे कागदावर वेगळं दिसलं पाहिजे.

आता ज्या प्रश्नाने सगळ्यात जास्त वेळ खाल्ला, त्याबद्दल.

१ तास ७ मिनिटांवर एका शेतकऱ्याने माइकवर विचारलं की हिरव्या बोंडांत अळी सापडली तर कोणतं औषध मारायचं. मॅडमनी आधी पाहणीची पद्धत सांगितली, आणि ती छान सांगितली. एकरात वेगवेगळ्या झाडांवरून वीस हिरवी बोंडं तोडायची, फोडून बघायची, दोन किंवा जास्त बोंडांत अळी दिसली म्हणजे दहा टक्क्यांची पातळी ओलांडली, मगच फवारणीचा विचार. त्यानंतर त्यांनी एका औषधाचं नाव घेतलं आणि म्हणाल्या, "वीस मिली घ्या." आणि पुढच्या प्रश्नाकडे वळल्या. (औषधाचं नाव मी इथे मुद्दाम देत नाही. कोणी हे वाचून फवारायला जाऊ नये.)

वीस मिली कशाला? त्याच मिनिटाला चॅटमध्ये रोमन अक्षरांत एकाने हेच टाइप केलं होतं: "वीस मिली पंपाला का लिटरला?" खाली आणखी दोघांनी तेच विचारलं, एकाने नुसतं प्रश्नचिन्ह टाकलं. प्रश्नांच्या खान्यात यातलं काहीच नव्हतं, त्यामुळे अहवालात हा प्रश्न अस्तित्वातच नव्हता. माइकवरचा मूळ प्रश्न माझ्या तक्त्यात 'उत्तर मिळालं' असा गेला असता आणि "वीस मिली" हे दोन शब्द फलकावर लागले असते.

हिशोब करून बघा. शिफारशी सहसा दहा लिटर पाण्याला असतात. शेतातला पाठीवरचा पंप मात्र बहुतेक पंधरा-सोळा लिटरचा. वीस मिली दहा लिटरला असेल तर पंधरा लिटरच्या पंपात तीस मिली जाईल. पंपाला वीस समजलं तर मात्रा कमी पडेल, अळी मरणार नाही आणि आठ दिवसांनी पुन्हा फवारा. लिटरला वीस समजलं तर त्याच पंपात तीनशे मिली. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर दगावले होते. त्यामागे मात्रेशिवाय इतरही कारणं होती, पण ते साल आमच्या भागात कोणी विसरलेलं नाही. मात्रेचा आकडा एककाशिवाय कागदावर जाऊ द्यायचा नाही, एवढं मी तेव्हापासून पाळते.

मॅडमची स्लाइड काढून बघितली. तिच्यावर इतर औषधांच्या मात्रा होत्या, खाली बारीक अक्षरांत "प्रति १० लिटर पाणी" असंही होतं, पण हे औषध त्यात नव्हतं. स्लाइडवरून अंदाज बांधता आला असता आणि तो बरोबरही निघाला असता. तरी मी फोन केला. मॅडम म्हणाल्या, "दहा लिटरलाच हो, मी म्हणाले नाही का?" नव्हत्या म्हणाल्या. आणि त्यांनी पुढे सांगितलं की बाटलीवरच्या लेबलाशी ताडून बघायला सांगा, कारण त्याच नावाचं औषध वेगवेगळ्या टक्केवारीत मिळतं आणि मात्रा टक्केवारीवर असते. हे सत्रात अजिबात आलं नव्हतं आणि खरं तर उत्तराचा अर्धा भाग तोच होता.

टिपणात ते असं गेलं: सत्रात काय म्हटलं ते एका ओळीत, "एकक सांगितलेलं नाही" ही नोंद त्याखाली, आणि मग "वक्त्यांचा सत्रानंतर फोनवरून खुलासा" असं शीर्षक देऊन दहा लिटर आणि लेबलाची सूचना. फोनवरचं उत्तर सत्रातल्या उत्तरात मिसळलं नाही. ज्याने फीत पाहिली त्याला तिथे हे वाक्य सापडणार नाही, मग तो कागदावर शंका घेईल. आणि शंका एकावर आली की ती सगळ्यावर येते.

चॅटमध्येच याला जोडून आणखी एक होता: "पेट्रोल पंपाला पण तेवढंच का?" पाठीवरच्या साध्या पंपापेक्षा पेट्रोलवर चालणाऱ्या फवारणीच्या पंपाला एकरी पाणी बरंच कमी लागतं, त्यामुळे प्रश्न अगदी रास्त. फोनवर मी हाही विचारला. त्यावर काय झालं ते पुढे येईल.

दुसऱ्या प्रकारचं न मिळालेलं उत्तर ओळखायला जास्त अवघड असतं, कारण ते ऐकताना उत्तरासारखंच वाटतं. एका शेतकऱ्याने माइकवर विचारलं, "मी डिसेंबरात पराटी उपटून टाकतो, पण बाजूवाला फेब्रुवारीपर्यंत फरदड ठेवते, मंग माह्या उपटण्याचा काय फायदा जी?" पराटी म्हणजे कपाशीची उभी झाडं आणि फरदड म्हणजे हंगाम संपल्यावरही तेच पीक पुढे राखणं. मॅडम यावर चांगल्या चार मिनिटं बोलल्या. फरदड का ठेवू नये, उशिराच्या बोंडांत अळीला खायला मिळत राहतं, पुढे ती सुप्तावस्थेत जाते, वाळक्या बोंडांत, पराटीच्या ढिगात, सरकीत दडून राहते आणि पुढच्या हंगामात त्यातून पतंग निघतात. सगळं बरोबर आणि सगळं उपयोगाचं. सूत्रसंचालकाने "धन्यवाद मॅडम, फार सविस्तर सांगितलंत" म्हटलं आणि बटण दाबलं.

पण त्या माणसाला फरदड वाईट हे माहीतच होतं, म्हणून तर तो पराटी उपटत होता. त्याने विचारलं होतं ते शेजाऱ्याबद्दल. मी फीत दोनदा ऐकली, पुढचं सगळं सत्रही याच एका गोष्टीसाठी ऐकलं, कारण कधी कधी एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्याच्या उत्तरात येऊन जातं. एका ठिकाणी मॅडम "गावाने मिळून करायला हवं" असं ओझरतं म्हणून गेल्या होत्या, जिनिंग कारखान्यांच्या आवारात सापळे लावण्याबद्दल बोलताना. ते या प्रश्नाचं उत्तर म्हणून चिकटवायचा मोह झाला. चिकटवलं नाही. त्या जिनिंगबद्दल बोलत होत्या.

कोणी विचारेल की मग उत्तर मिळालं की नाही हे ठरवायचं कशावरून. मी प्रश्नकर्त्याच्या जागी बसून बघते: हे ऐकल्यावर त्याला उद्या सकाळी आधीपेक्षा वेगळं काही करता येईल का, किंवा "काहीच करता येणार नाही" एवढं तरी नक्की कळलं का? "एकट्याने उपटूनही इतका-इतका फायदा होतो" किंवा "एकट्याचा काही उपयोग नाही", यातलं काहीही चाललं असतं. दोन्ही नव्हतं. म्हणून तक्त्यात माझ्या रकान्यात लिहिलं: "विषयावर बोलणं झालं. शेजाऱ्याच्या शेताचा मुद्दा राहिला." फरदडीबद्दलची माहिती उत्तरांच्या भागात घेतली, कारण ती मोलाची होती, आणि प्रश्न मात्र राहिलेल्यांत, त्याच्याच शब्दांत ठेवला.

शब्द त्याचेच ठेवण्याबद्दल आमच्याकडे थोडा वाद झाला. संचालकांपैकी एक काका म्हणाले, प्रमाण भाषेत लिहा, बाहेरचे लोकही वाचतील. मी उत्तरं प्रमाण भाषेत लिहिली. राहिलेले प्रश्न मात्र जसे आले तसे, फक्त टाइप करतानाच्या चुका दुरुस्त करून. प्रश्न साफसूफ करताना त्याची धार जाते आणि "फरदडीचे दुष्परिणाम काय?" असा काहीतरी गुळगुळीत प्रश्न उरतो, ज्याचं उत्तर मॅडमनी दिलेलंच होतं! म्हणजे भाषा सुधारता सुधारता राहिलेला प्रश्न आपोआप सुटलेल्यांत जातो. काकांना हे उदाहरण दाखवल्यावर पटलं. नावं, मोबाइल नंबर आणि एकाने तर गट क्रमांकासकट लिहिलेला प्रश्न होता, ते सगळं मात्र काढून टाकलं.

'आठ पतंगां'चा प्रश्न या दोन्हींच्या मधला. सापळ्यात किती पतंग आले की फवारायचं, यावर मॅडम म्हणाल्या, "आठ पतंग, तीन दिवस." लगेच खाली एकाने लिहिलं, "तीन दिवसांत मिळून आठ का?" हाही प्रश्न खान्यात नव्हता. पण इथे पुढे वीस मिनिटांनी दुसऱ्या एका प्रश्नाच्या ओघात मॅडम स्वतःच म्हणाल्या की एका सापळ्यात रोज आठ आणि असं सलग तीन रात्री. मिळालं उत्तर. मी दोन्ही वेळा टिपून, पूर्ण वाक्य दुसऱ्या ठिकाणचं घेतलं. अर्धवट वाटणारं प्रत्येक उत्तर शेवटपर्यंत ऐकल्याशिवाय राहिलेल्यांत टाकू नये, नाहीतर वक्त्यावर अन्याय होतो. हे ऐकणं कंटाळवाणं असतं. दीडपट वेगाने लावते, पण आकडा आला की मूळ वेगावर.

मग असे प्रश्न, ज्यांना मॅडमनी हात लावला नाही आणि लावायचा नव्हताच. "चोर बीटीवर बोंडअळी कमी येते म्हणतात, खरं का?" तणनाशक सहन करणाऱ्या त्या बियाण्याला देशात लागवडीची मंजुरी नाही, गावोगाव ते लपूनछपून विकलं जातं. मॅडम म्हणाल्या, "मंजुरी नसलेल्या बियाण्यावर मी इथे बोलणार नाही." हे अनुत्तरित म्हणायचं का? माझ्या मते नाही, तो नकार आहे आणि नकार कारणासकट टिपायचा. वेळ संपली म्हणून राहिलेला प्रश्न आणि वक्त्याने नाकारलेला प्रश्न एका यादीत टाकले की वाचणाऱ्याला वाटतं, पुढच्या सत्रात याचंही उत्तर मिळेल. मिळणार नाही.

नुकसानभरपाईचा प्रश्न तसाच वळवला गेला: "ते कृषी विभागाला विचारा." इथे मी थोडी कडक झाले. कृषी विभागात नक्की कोणाला? ते सांगितलं नव्हतं, म्हणून "दुसरीकडे पाठवला, कोणाकडे ते स्पष्ट नाही" अशी नोंद केली. रेफ्युजीचा, म्हणजे बीटीसोबत लावायच्या बिगर बीटी कपाशीचा, प्रश्न मात्र सरळ सुटला. पूर्वी बीटीच्या पाकिटासोबत बिगर बीटी बियांची १२० ग्रॅमची वेगळी पुडी यायची आणि ती बहुतेक बांधावर फेकली जायची. आता त्या बिया ४७५ ग्रॅमच्या पिशवीतच मिसळलेल्या असतात, वेगळं काही लावायचं नाही. असे सरळ प्रश्न टिपायला पाच मिनिटंही लागत नाहीत, त्यांच्याबद्दल लिहिण्यासारखं फार नाही.

मसुदा मॅडमना पाठवला. वक्त्याला दाखवल्याशिवाय असं काही बाहेर जाऊ देऊ नये, विशेषतः त्यात आकडे असतील तर. त्यांनी दोन ठिकाणी तपशील नीट केले आणि मग फोन आला. आवाज जरा चढलेला होता. "अनुत्तरित प्रश्न असं मोठ्या अक्षरांत लिहिलंय तुम्ही. मी दोन तास बोलले आणि लोकांना वाटणार की मॅडमना उत्तरं आली नाहीत." त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. राहिलेल्या प्रश्नांतले निम्मे तर त्यांच्यापर्यंत पोचलेच नव्हते, ते चॅटमध्ये पडून होते. त्यात त्यांचा काय दोष?

मग शीर्षक बदललं आणि प्रत्येक प्रश्नासमोर तो का राहिला ते लिहिलं. "चॅटमध्ये होता, वक्त्यांपर्यंत पोचला नाही." "वेळेअभावी घेता आला नाही." "एक भाग राहिला." फरदडीच्या प्रश्नासमोर मॅडमना "वेळेअभावी" हवं होतं. तिथे मी नम्रपणे पण नाही म्हटलं, कारण त्यावर चार मिनिटं दिलेली फितीत दिसत होती. "एक भाग राहिला" यावर त्या राजी झाल्या. आणि मग, मी मागितलंही नव्हतं, त्यांनी दुसऱ्या दिवशी यातल्या काही प्रश्नांची उत्तरं लिहूनच पाठवली. शेजाऱ्याच्या पराटीचंही उत्तर त्यात होतं: पतंग उडून येतात त्यामुळे एकट्याने उपटल्याने धोका जात नाही, पण आपल्या शेतातल्या दडलेल्या अळ्या कमी होतात, आणि पुढच्या वर्षी अशा शेतकऱ्याने सापळ्यांची पाहणी लवकर सुरू करावी. ही उत्तरं "वक्त्यांनी नंतर लेखी कळवलेले" या मथळ्याखाली तारखेसह वेगळी छापली. प्रश्न राहिलेल्यांच्या यादीतून मात्र खोडला नाही, समोर "पाहा: लेखी उत्तरे" एवढं लिहिलं. सत्रात तो राहिला होता हे खरंच होतं, आणि पुढचं सत्र आखणाऱ्याला ते कळायला हवं.

दोन पानांत पहिलं पान उत्तरांचं, दुसरं राहिलेल्यांचं, असा माझा बेत होता. कृषीमित्रांनी सांगितलं की फलकावर पहिलंच पान दिसतं, मागचं कोणी उलटत नाही. मग दोन्ही एकाच पानाच्या दोन रकान्यांत बसवलं. अक्षर बारीक झालं, काही उत्तरं कापावी लागली. कापताना मात्रा, एकक आणि पाहणीची पद्धत यांना हात लावला नाही. अळीच्या जीवनचक्राची माहिती गेली, ती फितीत आहे.

पेट्रोल पंपाचा प्रश्न अजून यादीतच आहे. मॅडमनी फोनवर सांगितलं की त्या औषधासाठी मी असं तोंडी सांगणार नाही, शिफारस बघून कळवते. ते अजून आलेलं नाही. छापलेल्या कागदावर त्या प्रश्नासमोर एवढंच आहे: "पेट्रोल पंपासाठी मात्रा सत्रात सांगितलेली नाही. वर दिलेली मात्रा साध्या पंपाची आहे. वक्ते शिफारस पाहून कळवणार आहेत, तोवर कृषी सहायकांना विचारल्याशिवाय फवारू नये." कृषीमित्रांना सांगून ठेवलंय की उत्तर आलं की त्या ओळीवर चिठ्ठी चिकटवा आणि तिच्यावर तारीख टाका.